नोटिशीच्या दोन ओळींमधलं हस्ताक्षर

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची नोटीस म्हटलं की एक ठरावीक कागद डोळ्यांसमोर येतो. वर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, खाली तारीख-वेळ-स्थळ, मग विषयपत्रिका, शेवटी सचिवांची सही आणि गोल शिक्का. कागद छापून झाल्यावर काहीतरी आठवतं. पुन्हा टाइप करून प्रिंट काढण्याऐवजी कोणीतरी पेन काढतं आणि दोन ओळींच्या मधल्या फटीत दाटीवाटीनं चार शब्द बसवतं. वर्ष-दोन वर्षांनी वाद उभा राहतो तेव्हा हातात असते ती एकच प्रत, आणि प्रश्न पडतो की यातलं मूळ किती आणि नंतरचं किती.

समजावून सांगण्यासाठी एक नमुना घेऊ. नोटिशीत सभेची वेळ ‘सायंकाळी ६.०० वाजता’ अशी छापलेली आहे. त्यावर निळी रेघ मारून वर ‘सकाळी १०.३०’ असं निळ्या बॉलपेननं लिहिलंय. पुढे विषयपत्रिकेत या दोन ओळी आहेत:

४) इमारतीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यासाठी आलेल्या दरपत्रकांवर निर्णय घेणे.
५) स्टिल्टमधील पार्किंगच्या जागांचे सभासदांना वाटप करणे.

या दोन ओळींच्या मधे काळ्या अक्षरात लिहिलंय: ‘प्रत्येकी रु. १५,०००/- घेऊन’. शेवटी सचिवांची काळी सही आणि संस्थेचा जांभळा शिक्का. एवढाच ऐवज.

पहिल्या नजरेत कागदावर दोन थर दिसतात, छापील आणि हाताचं. पण कामाला सुरुवात करण्याआधी ही विभागणी बाजूला ठेवायला हवी, कारण ती अपुरी आहे. बहुतेक नोटिसा एक प्रत छापून तिच्या झेरॉक्स काढून वाटल्या जातात. त्यामुळे हाताचा मजकूर दोन वेगवेगळ्या वेळी कागदावर येऊ शकतो. मूळ प्रतीवर झेरॉक्स काढण्याआधी लिहिलेला मजकूर झेरॉक्समध्ये छापील अक्षरांसारखाच टोनरनं उमटतो. आपल्या हातातल्या झेरॉक्सवर नंतर लिहिलेला मजकूर मात्र खऱ्या शाईत असतो. म्हणजे थर तीन: छापील मजकूर, झेरॉक्समधून आलेलं हस्ताक्षर, आणि याच कागदावर पेन टेकवून लिहिलेलं. पहिल्या दोघांचा पदार्थ एक, शेवटच्या दोघांचं रूप एक. मधला थर दोन्हीकडे थोडा थोडा बसतो आणि गोंधळ तिथेच होतो.

हा भेद नुसता तांत्रिक नाही. पंधरा हजारांची ओळ टोनरमध्ये असेल, तर ही झेरॉक्स निघाली तेव्हा ती मूळ प्रतीवर होती. शाईत असेल, तर ती या एका कागदापुरतीसुद्धा असू शकते. वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी आदर्श उपविधींत पूर्ण १४ दिवसांची नोटीस सांगितली आहे, आणि ज्या विषयांना रीतसर नोटीस लागते ते ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आत घेता येत नाहीत. तेव्हा ओळ सगळ्यांना वाटलेल्या नोटिशीत होती की नंतर कोणी आपल्या प्रतीवर खरडली, यावर बरंच अवलंबून राहतं.

म्हणून स्कॅनरकडे जाण्याआधी कागद हातात घ्या. लोक इथेच घाई करतात.

खिडकीपाशी कागद तिरका धरला की टोनर ओळखू येतो. टोनर म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी मिसळलेलं प्लॅस्टिक. ते उष्णतेनं वितळून कागदाच्या वर चिकटतं, आत मुरत नाही. त्यामुळे तिरक्या उजेडात अक्षरावर किंचित चमक येते आणि ते कागदाच्या पृष्ठभागावर बसल्यासारखं दिसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा लावला, तर अक्षराच्या कडेला सुटी काळी रवाळ ठिपकी विखुरलेली दिसतात. झेरॉक्समधून आलेल्या हस्ताक्षराच्या कडेलाही तशीच ठिपकी असतात. त्या रेषेची काळपट छटा सगळीकडे सारखी असते. लिहिणाऱ्यानं पेन कुठे दाबलं आणि कुठे सैल सोडलं, याची खूण रेषेच्या गडदपणात उरलेली नसते.

बॉलपेनची रेषा वेगळी वागते. तेलकट शाई फिरत्या गोळीवरून उतरते, त्यामुळे रेषेत लांबट पांढरे चरे राहतात आणि वळणानंतर मधेच शाईचा छोटा गोळा सुटतो. शिवाय गोळी कागदात दबते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७५ जीएसएमच्या आसपास असतो, म्हणजे पातळच. कागद उलटा करून मागून बोट फिरवलं किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला, की खाच उठून दिसते. झेरॉक्समधल्या हस्ताक्षरामागे खाच नसते. हा माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा आणि बिनखर्चाचा तपास आहे. एकच अडचण म्हणजे जेल पेन. ते हलक्या हातानं चालतं आणि खाच जवळजवळ पडतच नाही. अशा वेळी भिंगावर विसंबावं लागतं. जेलची शाई धाग्यांत थोडी मुरलेली दिसते आणि तिच्याभोवती सुटी काळी ठिपकी नसतात.

काही जण कापूस ओला करून अक्षरावर घासून बघतात. शाई पसरली तर पेनची, नाही पसरली तर छापील. कृपा करून हे करू नका. बॉलपेनची शाई पाण्यानं पसरत नाही, त्यामुळे त्यातून सिद्ध काहीच होत नाही आणि पुरावा मात्र खराब होतो.

आपल्या नमुन्यात हा तपास केला की चित्र असं निघतं. वेळेची दुरुस्ती निळ्या बॉलपेनची, मागे खाच. जांभळा शिक्का थेट शाईचा. सचिवांची सही टोनरची, म्हणजे ती मूळ प्रतीवर झाली आणि झेरॉक्समधून इथे आली. पंधरा हजारांची ओळसुद्धा टोनरची. मागे खाच नाही, कडेला ठिपकी आहेत. शिक्का खरा आणि सही झेरॉक्सची, यात विचित्र काही नाही. अनेक ठिकाणी सही एकदाच होते आणि शिक्का प्रत्येक प्रतीवर मारतात.

आता स्कॅन. इथे दोन गोष्टी पाळल्या नाहीत, तर पुढचं सगळं अडतं. पहिली म्हणजे रंगीत स्कॅन. ऑफिसमधल्या मशीनवर बहुधा ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावलेलं असतं. त्यात निळं पेन आणि काळा टोनर एकाच काळ्या रंगात जातात आणि तिसरा थर दुसऱ्यात मिसळतो. काही मशीन ‘ऑटो’वर असली की पान मुख्यतः काळं-पांढरं आहे असं ठरवून रंग स्वतःच टाकून देतात, तेव्हा रंग हातानं निवडा. दुसरी गोष्ट फाइलचा प्रकार. जेपीईजीमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बहुधा कमी बारकाईनं साठवली जाते. डोळ्याला फरक कळत नाही, पण निळ्या रेषेचा रंग शेजारच्या काळ्या अक्षरावर सांडतो. दोन ओळींच्या मधल्या दाट मजकुरात नेमकी हीच जागा आपल्याला हवी असते. पीएनजी किंवा टिफ घ्या, ६०० डीपीआयवर. मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत वाचायला चालेल, थर वेगळे करायला नाही.

निळी शाई आणि काळा टोनर वेगळे करण्याची युक्ती अगदी साधी आहे. स्कॅनमधल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. पांढऱ्या कागदावर तिन्ही मोठे आणि जवळपास सारखे. टोनरवर तिन्ही लहान आणि जवळपास सारखे. निळ्या शाईवर मात्र लाल आकडा बराच खाली आणि निळा वर राहतो. म्हणजे निळ्यातून लाल वजा केला, की कागद आणि टोनर दोन्ही शून्याजवळ येतात आणि शाई तेवढी उरते.

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("notice.png").astype(np.int16)
b, r = img[:, :, 0], img[:, :, 2]
shai = (b - r) > 40
kala = (img.max(axis=2) < 110) & ~shai
cv2.imwrite("shai.png", np.where(shai, 0, 255).astype(np.uint8))
cv2.imwrite("kala.png", np.where(kala, 0, 255).astype(np.uint8))
```

पहिल्या चित्रात वेळेची दुरुस्ती येते, दुसऱ्यात बाकी सगळं काळं. ४० आणि ११० हे आकडे देवाचे नाहीत. स्कॅनरनुसार आणि पेननुसार ते हलवावे लागतात. चित्र उघडून बघा. निळी अक्षरं तुटक दिसत असतील तर ४० कमी करा, कागदाचा मळ दिसायला लागला तर वाढवा. संगणकावर प्रोग्रॅम चालवायचा नसेल, तर गिंपसारख्या कुठल्याही चित्रसंपादकात रंगानुसार निवड करून हेच करता येतं.

चित्र बघताना तीन गोष्टी खटकतील, आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

शाईच्या चित्रात छापील अक्षरांच्या उभ्या किंवा आडव्या कडेला केसासारखी रेघ उमटते. ती शाई नाही. अनेक स्कॅनर लाल, हिरवा आणि निळा उजेड एकामागून एक टाकतात आणि मधल्या काळात यंत्र किंचित पुढे सरकतं. तिन्ही रंग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत आणि काळ्या अक्षराला एका बाजूनं निळी, दुसऱ्या बाजूनं तांबूस किनार येते. ही किनार एक-दोन बिंदूंचीच असते. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये साधारण २४ बिंदू मावतात, त्यामुळे पेनची रेषा आठ-दहा बिंदूंची तरी भरते. जाडीवरूनच फरक कळतो आणि बारीक तुकडे काढून टाकता येतात.

दुसरी गोष्ट शिक्का. जांभळ्या रंगातही निळा आकडा लालपेक्षा बहुधा वर असतो, म्हणून शिक्का शाईच्या चित्रात येतो. तो यायलाच हवा, कारण तो खरोखर या कागदावर मारलेला आहे. फक्त पेनच्या मजकुरापासून वेगळा करून तिसऱ्या फाइलमध्ये ठेवा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘सायंकाळी ६.००’वर मारलेली निळी रेघ शाईच्या चित्रात सलग नाही, तुटक आहे. जिथे ती काळ्या अक्षरांवरून गेली, तिथे काळ्यावर निळं दिसत नाही, शिवाय प्लॅस्टिकवर शाई नीट धरतही नाही. तुटलेल्या जागा छेदाच्या जागा आहेत. तिथला बिंदू एका थराचा की दुसऱ्या थराचा हा प्रश्नच चुकीचा, तो दोन्हींचा आहे. म्हणून रेघ जोडताना छापील थरातून काही कापायचं नाही. शाईच्या चित्रातली रेघ भरून घ्यायची, काळ्या चित्रातलं अक्षर तसंच ठेवायचं. एक कागद कात्रीनं कापून दोन करण्यासारखा व्यवहार इथे चालत नाही.

आता उरलं काळं चित्र, ज्यात छापील मजकूर आणि पंधरा हजारांची ओळ दोन्ही टोनरमध्ये आहेत. रंगाची मदत संपली. भिंगाचीही संपली. आता फक्त आकार उरतो, आणि देवनागरीत हा भाग अवघड का होतो ते समजून घेण्यासारखं आहे.

रोमन लिपीत दोन ओळींमधली फट बरीचशी मोकळी असते. आपल्याकडे ती मोकळी नसते. वरच्या ओळीचे उकार, ऊकार आणि पाय मोडल्याच्या खुणा खाली उतरलेल्या असतात. खालच्या ओळीचे रफार, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार वर चढलेले असतात. फटीत लिहिणारा माणूस यांच्या गर्दीतूनच वाट काढतो. त्यामुळे ‘फटीत जे आहे ते हाताचं’ असा नियम लावला, तर छापील अनुस्वार आणि ऊकार हाताच्या थरात जातात आणि छापील मजकूर अशुद्ध होऊन बाहेर पडतो. यंत्राला वाचायला दिलं तर आणखी गंमत. छापील मराठी वाचणारा टेसरॅक्टसारखा प्रोग्रॅम ओळ शोधताना हाताचा मजकूर वरच्या किंवा खालच्या ओळीत ओढतो आणि चांगल्या छापील ओळीचाही चुथडा करतो.

छापील अक्षराचा एक गुण इथे उपयोगी पडतो. एकाच फाँटमधला ‘च’ पानावर कुठेही आला तरी सारखाच असतो, हाताचा ‘च’ दोनदा सारखा येत नाही. म्हणून सगळ्यांत पक्का मार्ग असा: छापील मजकूर वाचून, तोच फाँट आणि तोच आकार घेऊन तो पुन्हा टाइप करायचा, ६०० डीपीआयला त्याचं चित्र काढायचं आणि स्कॅनवर ठेवायचं. नव्या चित्राखाली झाकलं गेलं ते छापील, बाहेर उरलं ते हाताचं.

करताना दोन पथ्यं. पान एकदम जुळवू नका. झेरॉक्समध्ये आकार किंचित कमी-जास्त होतो आणि कागद थोडा तिरका जातो, त्यामुळे वरची ओळ जुळली की खालची सरकते. एक एक ओळ घेऊन तिची शिरोरेखा जुळवा. शिरोरेखा ही सरळ, लांब आणि जाड रेषा असल्यामुळे जुळवायला तिच्याइतकी सोयीची खूण दुसरी नाही. आणि टाइप केलेली अक्षरं चहूबाजूंनी दोन-तीन बिंदूंनी जाड करून घ्या, कारण झेरॉक्समध्ये टोनर थोडा पसरतो. जाड केली नाहीत, तर प्रत्येक छापील अक्षराची बाह्यरेषा हाताच्या थरात शिल्लक राहते. फाँट सापडणं कधी कधी त्रासाचं असतं. जुन्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या फाँटांत असतात. तो मिळाला नाही, तर त्याच पानावर दुसरीकडे स्वच्छ आलेले शब्द कापून त्यांचाच साचा वापरता येतो. नोटिशींमध्ये ‘सभासद’, ‘निर्णय घेणे’, ‘करणे’ हे शब्द इतक्यांदा येतात की बराच भाग त्यातूनच भागतो.

आपल्या दोन ओळींवर हे करून बघू. हाताची ओळ ‘वॉटरप्रूफिंग’च्या खाली आणि ‘पार्किंगच्या जागांचे’च्या वर बसली आहे. साध्या डोळ्यांनी आकडा ‘९५,०००’ असाही वाचता येतो. साचा ठेवल्यावर कारण दिसतं. ‘प्रू’चा ऊकार खाली उतरून हाताच्या ‘१’च्या अंगाला चिकटला आहे आणि त्या आकड्याला ‘९’चं वळण आलंय. ऊकार साच्याखाली गेला की उरतो तो सरळ ‘१५’. पुढे आकड्यातल्या स्वल्पविरामाचा प्रश्न. ‘१५’ आणि ‘०००’ यांच्या मधे एक ठिपका आहे, पण ‘जागांचे’मधल्या ‘गा’वर अनुस्वार छापलेला असणारच आणि त्याची जागा नेमकी तिथेच येते. साचा त्या ठिपक्याला पूर्ण झाकतो आणि बाहेर काही उरत नाही. म्हणजे ठिपका छापील अनुस्वाराचा. लिहिणाऱ्यानं स्वल्पविराम दिलाच नसावा, किंवा दिला असला तर तो अनुस्वारात बुडाला. हाताच्या थरात ‘१५०००’ लिहायचं आणि स्वल्पविराम शंकास्पद अशी नोंद करायची. ‘प्रत्येकी’ची अक्षरं ‘र्किं’वर आदळली आहेत. तिथे रफार, वेलांटी आणि अनुस्वार असे तीन छापील घटक एकावर एक आहेत, त्यामुळे ‘त्ये’चा खालचा भाग साच्याखाली जाऊन तुटतो. तो मघासारखाच दोन्ही थरांत ठेवायचा.

खरं सांगायचं तर एकाच पानाचं काम असेल, तर एवढा प्रोग्रॅमी खटाटोप करू नये. चित्रसंपादकात स्कॅन खाली ठेवून वर दोन पारदर्शक थर घ्यावेत, साचा एका थरात जुळवावा आणि हाताचा मजकूर दुसऱ्या थरात गिरवावा. डोळा आणि माऊस हे काम चांगलं करतात. पन्नास वर्षांच्या नोटिशींची फाइल समोर असेल, तेव्हा यंत्राचा विचार करावा. छापील थर स्वच्छ झाल्यावर वाचनासाठी हा आदेश पुरतो:

```
tesseract chhapil.png chhapil -l mar --psm 6
```

हाताचा थर मात्र माणसानंच वाचावा.

हस्ताक्षर काळ्या पेननं थेट या कागदावर लिहिलेलं असतं तर? मग निळ्यातून लाल वजा करण्याचा उपयोग झाला नसता आणि इन्फ्रारेड उजेडाकडे जावं लागलं असतं. बॉलपेनच्या बहुतेक शाया रंगद्रव्यांच्या असतात आणि डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये त्या फिक्या पडतात किंवा पूर्ण नाहीशा होतात. टोनरमध्ये काजळी असते, ती इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते. दस्तऐवज परीक्षकांच्या उपकरणात याच तत्त्वावर हस्ताक्षर गायब करून खालचं छापील दाखवतात. सीसीटीव्ही कॅमेरा रात्री याच प्रकारच्या उजेडावर बघतो, त्यामुळे अंधारात त्याच्यासमोर कागद धरला तरी फरकाची झलक मिळते. मात्र काही काळ्या जेल शायांमध्येही काजळीच असते आणि त्या कुठेच जात नाहीत. तेव्हा अक्षर नाहीसं झालं तर ते टोनर नाही हे नक्की, पण तसंच काळं राहिलं तर टोनरच असं म्हणता येत नाही.

या सगळ्यातून काय कळत नाही, तेही स्पष्ट असावं. पंधरा हजारांची ओळ झेरॉक्सच्या आधीची आहे एवढं कळलं. ती सहीच्या आधी लिहिली की नंतर, हे कळत नाही. सही आणि ओळ एकमेकांना कुठे छेदत नाहीत, आणि छेदल्या असत्या तरी टोनरमध्ये दोन्ही एकाच सपाटीवर आल्यामुळे क्रम पुसला गेला असता. त्यासाठी मूळ प्रतच हवी. शिवाय सगळ्या सभासदांना हीच झेरॉक्स मिळाली असंही या प्रतीवरून ठरत नाही. निम्म्या झेरॉक्स काढून झाल्यावर कोणी मूळ प्रतीवर ओळ घातली असेल, तर आधीच्या प्रती कोऱ्याच असतील. आणि हातातली प्रत ही झेरॉक्सची झेरॉक्स असेल, तर मधल्या कोणत्याही टप्प्यावर लिहिलेलं आता टोनरच दिसणार. अक्षरं फुगलेली, ‘ध’ आणि ‘घ’च्या पोकळ्या बुजलेल्या आणि पानभर काळे ठिपके असतील, तर तशी शंका घ्यावी.

मधे घातलेल्या शब्दांशेजारी लघुस्वाक्षरी आहे का, हेही बघा. नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम २० मध्ये ओळींमध्ये घातलेला मजकूर, कोऱ्या जागा आणि खाडाखोड असलेला दस्तऐवज संबंधितांच्या सही किंवा लघुस्वाक्षरीशिवाय नोंदणी अधिकारी नाकारू शकतो, अशी तरतूद आहे. सभेची नोटीस त्या कलमाखाली येत नाही. पण चांगले सचिव ही सवय नोटिशीतही पाळतात, आणि तशी सही असली तर ती कोणत्या थरात आहे यावरून खूप काही समजतं. आपल्या नमुन्यात ती कुठेच नाही.

शेवटी मजकूर लिहून काढायचा. इथे मोह होतो तो सगळं एकत्र करून गुळगुळीत वाक्य बनवण्याचा, आणि तो टाळायचा. छापील मजकूर जसाच्या तसा, टोनरमधलं हस्ताक्षर चौकोनी कंसात ‘ट’ खुणेनं, शाईतलं ‘श’ खुणेनं, खोडलेलं असेल तर तशी नोंद. आपल्या नोटिशीतली वेळ अशी लिहिली जाईल: ‘सायंकाळी ६.०० [श: खोडले, वर “सकाळी १०.३०”] वाजता’.

पंधरा हजारांच्या ओळीपाशी मात्र वेगळीच अडचण आहे. शब्द नेमके कुठे घालायचे ते दाखवणारं हंसपद लिहिणाऱ्यानं काढलेलं नाही. ओळीच्या वर लिहिलेले शब्द साधारणपणे खालच्या ओळीत घुसवायचे असतात, त्या हिशेबानं वाचन होतं ‘पार्किंगच्या जागांचे प्रत्येकी रु. १५,०००/- घेऊन सभासदांना वाटप करणे’. पण वरच्या ओळीतही ते बसतं: ‘प्रत्येकी रु. १५,०००/- घेऊन गच्चीचे वॉटरप्रूफिंग करण्यासाठी’. व्याकरण दोन्हीकडे सुटतं आणि व्यवहारही. एका वाचनात पार्किंग हवं असणाऱ्यांनीच पैसे द्यायचे, दुसऱ्यात सगळ्यांनी. अक्षरं कोणत्या ओळीला जवळ आहेत ते मोजलं, तर हाताची ओळ पाचव्या विषयाच्या शिरोरेखेकडे झुकलेली आहे. पण जागा तिथेच थोडी जास्त मोकळी आहे, त्यामुळे त्या झुकण्यावर मी फार भार टाकणार नाही. नोंद अशी करायची: ‘[ट: विषय ४ आणि ५ यांच्या मधे, हंसपद नाही: “प्रत्येकी रु. १५०००/- घेऊन”, स्वल्पविराम शंकास्पद]’. कोणत्या विषयाला जोडायचं ते वाचणाऱ्यानं सभेचं इतिवृत्त बघून ठरवावं, आणि इतिवृत्तात तो ठराव कोणत्या क्रमांकाखाली आला आहे ते नोटिशीच्या मजकुरात न मिसळता वेगळ्या टिपेत लिहावं.